शिकारी घरी परततात तेव्हा: ब्रूगेलच्या बर्फातला उजेड, रंग आणि अंतर

आज मी एकच चित्र घेऊन आलोय, आणि तासभर त्याच्यासमोरून हलायचं नाही असं ठरवलंय. जे घरून ऐकतायत त्यांनी हे चित्र दुसऱ्या खिडकीत मोठं करून ठेवावं. मोबाइलवर असाल तर तो आडवा धरा, कारण चित्र आडवं आहे. पीटर ब्रूगेल या चित्रकाराचं ‘बर्फातले शिकारी’. साल 1565. ओकच्या फळ्यांवर तैलरंगात काढलेलं, 117 सेंटिमीटर उंच आणि 162 सेंटिमीटर रुंद. आज ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे.

आधी चित्रात काय काय आहे ते बघू, कारण बरेच लोक अर्थाकडे इतक्या घाईनं धावतात की चित्र बघायचंच राहून जातं. डावीकडे जवळच एक टेकाड आहे, त्यावर बर्फ. तीन शिकारी आपल्याकडे पाठ करून चाललेत, मागे डझनभर कुत्री. एकाच्या खांद्यावरच्या काठीला एक कोल्हा लटकतोय. तीन माणसं, एवढी कुत्री आणि सगळ्यांत मिळून एक कोल्हा! त्यांच्या डाव्या हाताला खानावळ आहे, तिची पाटी एकाच आकड्यावर लोंबकळतेय. खानावळीसमोर काही माणसांनी जाळ पेटवलाय. तो शेकण्यासाठी नाही. कापलेल्या डुकराचे केस जाळायला आहे. हिवाळ्याच्या तोंडावर डुक्कर मारून मांसाची बेगमी करायची, हे तिकडच्या खेड्यातलं वर्षातलं ठरलेलं काम. टेकाडावरून काळ्या झाडांची एक ओळ खाली उतरते. खाली दरी, दोन गोठलेली तळी, त्यांवर घसरणारी, खेळणारी, पडणारी बारीक बारीक माणसं. उजव्या कोपऱ्यात पाणचक्की, तिचं चाक बर्फानं थिजलंय. जवळच्या पुलावरून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चाललीय. त्या पलीकडे गावं, चर्चचे मनोरे, आणि उजवीकडे वर टोकदार डोंगर. हवेत एक पक्षी.

आता प्रश्न असा. हे चित्र पाहिल्यावर बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘उदास’. मी कैक वर्षं वर्गात हे चित्र दाखवत आलो, आणि दहातले सात-आठ जण हेच म्हणायचे. मग मी विचारायचो, उदास काय आहे यात? कोण रडतंय? खाली तर पोरंसोरं बर्फावर खेळतायत! तेव्हा वर्ग गोंधळायचा. हा गोंधळ मला मोलाचा वाटतो, कारण त्यातून एक खरा प्रश्न पुढे येतो. चित्राचा भाव येतो कुठून? विषयातून येत असेल तर खेळणाऱ्या पोरांचं चित्र आनंदी व्हायला हवं. आपल्या मनातून येत असेल तर इतक्या निरनिराळ्या माणसांनी एकच शब्द का वापरावा? माझं म्हणणं असं आहे की भाव चित्रातच आहे, पण तो गोष्टीत नाही. उजेड कुठून येतो, रंग किती आणि कोणते, आणि चित्रकारानं आपल्याला कुठे उभं केलंय, या तीन गोष्टींत तो आहे. आणि या तिन्ही नीट पाहिल्या की ‘उदास’ हा शब्द थोडा अपुरा ठरतो, असंही मला वाटतं. तिथे आपण येऊच.

उजेडापासून सुरुवात करू. शिकाऱ्यांच्या पायाशी बघा. पावलांचे ठसे दिसतील, सावली दिसणार नाही. झाडांच्या बुंध्यांशी बघा, तिथेही जमिनीवर पडलेली सावली नाही. सूर्य चित्रात नाही, आणि तो कुठल्या बाजूला असेल याचा अंदाजही करता येत नाही. आभाळ भरलेलं आहे, उजेड सगळीकडून सारखा येतोय, आणि खालच्या बर्फावरून तो परतही येतोय. आपल्याकडे बर्फ नाही, पण हा उजेड आपल्या ओळखीचा आहे. आषाढात आभाळ गच्च भरलेलं असताना, पाऊस मधेच थांबतो, तेव्हा अंगणात उभं राहून पाहा. वस्तू दिसतात सगळ्या, पण कुठलीच वस्तू उजळत नाही आणि कुठलीच काळोखात जात नाही.

सावली गेली की चित्रातून तीन गोष्टी जातात. पहिली, दिवसाची वेळ. सकाळ आहे की दुपार, हे सावलीच्या लांबीवरून कळतं, आणि इथे ते कळत नाही. त्यामुळे चित्रातला काळ थांबल्यासारखा वाटतो. दुसरी, वस्तूंचा गोलवा. एका बाजूनं उजेड आणि दुसऱ्या बाजूनं छाया असली की माणूस भरीव दिसतो. इथे शिकारी जवळजवळ कापून चिकटवलेल्या आकृत्यांसारखे दिसतात, पांढऱ्यावर काळपट. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. उजेडानं चित्रकार बोट दाखवू शकतो. ‘हा नायक, याच्याकडे बघा’ असं म्हणून त्याच्यावर झोत टाकू शकतो. ब्रूगेलनंतर चाळीसेक वर्षांत काराव्हाज्योनं इटलीत ते टोकाला नेलं. ब्रूगेलच्या उजेडात कुणावरच झोत नाही. शिकारी, कुत्रा, मोळीवाली बाई, दूरचं चर्च, सगळ्यांना सारखाच उजेड वाट्याला आलाय. या उजेडाला कुणाचं कौतुक नाही आणि कुणाचा रागही नाही. आपण ज्याला उदासी म्हणतो तिचा मोठा भाग इथून येतो, असं मला वाटतं.

आता रंग. त्यासाठी एक छोटासा प्रयोग करा. अंगठ्यानं खानावळीसमोरचा जाळ झाका. मग चित्रात उरतात ढोबळ मानानं दोनच घराणी: एक पांढरं, म्हणजे बर्फ, आणि एक हिरवट करडा, म्हणजे आभाळ. त्यावर काळपट तपकिरी खुणा, म्हणजे माणसं, कुत्री, झाडं. घरांच्या भिंतींत थोडासा विटकरी आहे, पण तोही दबलेला. आता अंगठा काढा. तो नारिंगी जाळ एकदम डोळ्यात भरतो, पण त्यामुळे ऊब येत नाही, उलट बाकीचं चित्र आणखी गार होतं. गार रंग एकटे असले तर डोळा त्यांना सरावतो आणि ते गार वाटेनासे होतात. शेजारी जरासा उष्ण रंग ठेवला की त्यांची थंडी टिकते. आमच्या घरी पन्ह्यात चिमूटभर मीठ घालायचे, त्यानं गोडी कळते म्हणायचे. तसंच काहीसं. आणि हेही बघा की शिकारी त्या जाळाच्या अगदी जवळून जातायत, पण एकाचंही तोंड तिकडे नाही.

रंगातली खरी करामत मात्र आभाळाची आहे. आभाळाचा तो हिरवट करडा रंग आणि खाली तळ्यांवरच्या बर्फाचा रंग जवळजवळ एकच आहे. एका डोळ्यावर हात ठेवून दोन्हीकडे आळीपाळीनं बघा. त्यामुळे होतं काय, की तळी जमिनीत कापलेल्या आभाळाच्या तुकड्यांसारखी दिसतात. वर झाकण, खालीही तेच झाकण, आणि मधे पांढरी जमीन. निळ्या आभाळाखालचा बर्फ सणासारखा दिसला असता. या आभाळाखाली तो वजनदार होतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर या चित्राच्या प्रती इतक्या वेगवेगळ्या रंगांच्या मिळतात की काहींत हिवाळा आहे आणि काहींत कावीळ! प्रत बरी आहे की नाही हे ओळखायची साधी खूण सांगतो. आभाळ आणि तळी यांचं नातं लागलंच पाहिजे, आणि बर्फ लोण्यासारखा पिवळा दिसता कामा नये. बर्फ पिवळा दिसत असेल तर ती प्रत बाजूला ठेवा. आणि बर्फ निळाशार दिसत असेल तर कुणीतरी ‘थंडी वाढवण्यासाठी’ रंगाचं बटण फिरवलंय असं समजा. शक्य असेल तर म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रत घ्या.

आता तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यांत रस आहे तो हिच्यात: यथादर्शन, म्हणजे आपण ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतो ते. शाळेत आपण सगळ्यांनी रेल्वेचे रूळ काढलेत, दूर जाऊन एका बिंदूत मिळणारे. ती रीत पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये पक्की झाली. तिला सरळ रेषा लागतात: फरशी, खांब, भिंती. ब्रूगेलकडे सरळ रेषा आहेतच कुठे? टेकाड, बर्फ, झाडं. मग सपाट फळीवर तो मैलोन्‌मैल खोली कशी आणतो?

त्याच्या आधीची अँटवर्पकडची एक रीत होती. योआखिम पाटिनिर या चित्रकारानं ती रुळवली, तो 1524 मध्ये वारला. जमीन उंचावरून बघायची, आणि तिचे तीन पट्टे करायचे: जवळचा तपकिरी, मधला हिरवा, दूरचा निळा. डोळ्याला सवय असते की दूरचे डोंगर निळसर दिसतात, कारण मधे हवेचा जाड थर येतो. सह्याद्रीच्या रांगा घाटमाथ्यावरून बघितल्यात ना, एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या? तेच. पाटिनिरनं त्याचं सूत्रच करून टाकलं. ब्रूगेल याच परंपरेतला. पण या चित्रात त्यानं ते सूत्र चालवायचं म्हटलं तरी चाललं नसतं, कारण बर्फानं जवळचं आणि दूरचं सगळं एकाच रंगाचं करून टाकलंय. तपकिरी पट्टा नाही, हिरवा नाही. मग त्यानं अंतर दाखवायचं काम रंगाकडून काढून घेतलं आणि आकाराकडे दिलं.

शिकाऱ्याची आकृती मूळ चित्रात साधारण वीतभर आहे. तळ्यावरचा माणूस बोटाच्या एका पेराएवढा. आणि या दोघांच्या मधल्या आकाराचं माणूस, म्हणाल तर, जवळजवळ नाहीच. का नाही? कारण टेकाडाची कड मधे येते आणि उताराचा सगळा भाग झाकून टाकते. आपली नजर शिकाऱ्यापासून निघते, कडेवर येते आणि तिथून एकदम खाली पडते. पायरी चुकल्यासारखं होतं. आकारातली ही उडी म्हणजेच दरीची खोली. चित्रकारानं दरी काढलेली नाही, मधला उतार गाळून ती आपल्याकडून काढून घेतली आहे.

आणि दूरची ती बोटाच्या पेराएवढी माणसंही धुक्यात विरलेली नाहीत. काळी, रेखीव, एकेकाचा तोल कसा जातोय ते कळेल इतकी स्पष्ट. पाटिनिरच्या हिशोबानं ती फिकट व्हायला हवी होती. पण कोरड्या कडाक्याच्या थंडीत हवा स्वच्छ असते आणि दूरचं बारीकसारीकही लख्ख दिसतं. हिमालयात हिवाळ्यात जाऊन आलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. म्हणजे जिथे अंतराची युक्ती मोडली तिथेच थंडी साधली. रेखीवपणा हीच इथली थंडी आहे.

आता आपण कुठे उभे आहोत? हे काढायचा एक जुना नियम आहे आणि तो फार सोपा आहे. समुद्रकिनाऱ्यावर उभे राहा. क्षितिज बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसतं. तुमच्याच उंचीची माणसं किनाऱ्यावर जवळ असोत की लांब, सगळ्यांची डोकी क्षितिजाच्या रेषेला टेकतात. आता शेजारच्या किल्ल्याच्या बुरुजावर चढा. क्षितिज तुमच्याबरोबर वर येतं, आणि खालच्या माणसांची डोकी त्या रेषेच्या खाली जातात. ही युक्ती आपल्या चित्राला लावा. दूरच्या सपाट प्रदेशाची क्षितिजरेषा चित्राच्या बरीच वर आहे, आणि शिकाऱ्यांची डोकी तिच्या चांगलीच खाली. म्हणजे आपण शिकाऱ्यांच्या मागे आहोत, आणि त्यांच्यापेक्षा उंचावरही आहोत. त्यांच्याबरोबर चालत नाही आहोत, पण त्यांच्या पाठीमागूनच बघतोय. जवळही आहोत आणि त्यांच्यातले नाहीही आहोत. मला विचाराल तर या चित्राचा भाव ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती ही जागा.

कारण शिकाऱ्यांचे चेहरे आपल्याला दिसत नाहीत. थकवा चेहऱ्यावर दाखवायची सोय ब्रूगेलनं स्वतःच काढून घेतली. मग तो थकवा कळतो कसा? वाकलेल्या पाठींवरून, बर्फात रुतणाऱ्या पावलांवरून, खाली घातलेल्या कुत्र्यांच्या मानांवरून. आणि सगळ्यात जास्त मांडणीतून. चित्रात एक मोठी तिरकी रेषा आहे. ती डावीकडच्या वरच्या भागातून खाली उजवीकडे येते. खानावळीचं छप्पर, शिकारी, झाडांची ओळ, टेकाडाची कड, सगळं त्याच दिशेनं कलतंय. झाडांचे बुंधे तेवढे सरळ उभे आहेत. पण प्रत्येक पुढचं झाड थोडं खाली उभं आणि थोडं लहान. जिन्याच्या कठड्यासारखी ही ओळ आपल्याला खाली नेते. शिकारी त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर आहेत. घर खाली आहे. अजून उतरायचंय.

ही एकच रेषा असती तर सगळं चित्र उजव्या कोपऱ्यात ओघळून गेलं असतं. म्हणून ब्रूगेलनं तिच्या विरुद्ध वजन ठेवलंय. उजवीकडे वर ते टोकदार डोंगर उभे केलेत. खालच्या गर्दीला वरच्या मोठ्या रिकाम्या जागेनं तोललंय. आणि त्या रिकाम्या जागेत एक पक्षी ठेवलाय, लांब शेपटीचा, पंख पसरलेला. आता दुसरा प्रयोग. हा पक्षी अंगठ्यानं झाका. दरी सपाट झाली, हो ना? अंगठा काढा, पुन्हा खोल झाली. पक्षी जमिनीला टेकलेला नाही, तो हवेत आहे, म्हणून त्याच्या खालची हवा दिसायला लागते. एवढ्याशा काळ्या खुणेवर ती सगळी दरी पेललेली आहे. सोळाव्या शतकातल्या कारागिराचं हे काम बघितलं की मला आजही हसू फुटतं, आनंदानं.

आता ते डोंगर. फ्लँडर्स म्हणजे आजच्या बेल्जियमचा भाग, तिथे असले डोंगर नाहीत. जमीन परातीसारखी सपाट. ब्रूगेल 1550 नंतरच्या काही वर्षांत इटलीला जाऊन आला होता, वाटेत आल्प्स लागले. व्हान मांडरनं पुढे 1604 मध्ये त्याचं चरित्र लिहिताना गमतीनं म्हटलंय की यानं डोंगर गिळले आणि घरी येऊन फळ्यांवर ओकले. म्हणजे हे चित्र कुठल्या एका जागेचं नाही. खेडं त्याच्या मुलखातलं, डोंगर प्रवासातले. तरी आपल्याला जोड दिसत नाही, कारण एकच उजेड आणि एकच बर्फ सगळ्यावर पसरलाय. रंगांनी भूगोलाचा शिवण-टाका लपवलाय.

इथून मी इतिहासाकडे वळतो, कारण या चित्रावर इतिहासाचं ओझं फार लादलं गेलंय. एक वर्ग म्हणतो, 1564-65 चा हिवाळा युरोपात फार कडक होता, आणि हे चित्र त्याची नोंद आहे. हिवाळा कडक होता हे खरं. पण हे चित्र एकटं नाही. ते वर्षाच्या महिन्यांवरच्या मालिकेतलं एक आहे. त्या मालिकेतली पाच चित्रं आज उरली आहेत. तीन व्हिएन्नात, गवतकापणीचं प्रागला लोब्कोविट्झ संग्रहात, आणि पिकाच्या कापणीचं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. मालिकेत हिवाळ्याचं चित्र असणारच होतं, हिवाळा कडक असो वा नसो. डुक्कर मारणं, लाकूड गोळा करणं या गोष्टी जुन्या हस्तलिखित प्रार्थनापोथ्यांतल्या महिन्यांच्या पानांवर आधीपासून होत्या. त्या वर्षीच्या थंडीनं ब्रूगेलच्या डोळ्याला खाद्य दिलं असेल, पण चित्राला तापमापक समजू नये.

दुसरा वर्ग म्हणतो, ही उदासी स्पॅनिश जुलमाची आहे. इथे तारखा बघा. चित्र 1565 चं. चर्चमधल्या मूर्ती फोडण्याची लाट आली ती 1566 च्या उन्हाळ्यात. ड्यूक ऑफ आल्बा सैन्य घेऊन आला 1567 मध्ये. वातावरण आधीपासून तापत होतं हे मान्य. पण पुढे काय घडलं हे आपल्याला ठाऊक असतं, आणि मग आपण ते मागच्या चित्रात घालतो. असं करताना पुरावा म्हणून काय दाखवतात? ‘बघा, किती उदास आहे!’ म्हणजे उदासीचं कारण इतिहास, आणि इतिहासाचा पुरावा उदासी. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे वर्तुळ पकडता यावं. भाव उजेडातून आणि मांडणीतून आलेला आहे हे आपण एकदा पाहिलं, की त्याच्यासाठी सैन्य आणायची गरज उरत नाही.

ज्याच्यासाठी हे चित्र काढलं तो निकोलास योंगेलिंक, अँटवर्पचा एक श्रीमंत व्यापारी. शहराबाहेर त्याचा बंगला होता. फेब्रुवारी 1566 मध्ये तो एका ओळखीच्या माणसाच्या 16,000 गिल्डरच्या देण्याला जामीन राहिला, आणि आपला चित्रसंग्रह तारण म्हणून लिहून दिला. त्यात ब्रूगेलची 16 चित्रं होती, महिन्यांची मालिकाही त्यातच. त्या कागदामुळेच आपल्याला ही मालिका कुणाची होती ते कळतं. कला-इतिहासाला सावकारी कागदपत्रांइतकी मदत फार कमी गोष्टींनी केली आहे! आता डोळ्यांसमोर आणा: उबदार दालन, भिंतींवर ओळीनं वर्षाचे महिने, आणि या फळीसमोर उभा असलेला, पोट भरलेला व्यापारी. तो त्या टेकाडाच्याही वर, उंचावरून बघतोय, जवळ पण त्यांच्यातला नाही. मघाशी क्षितिजरेषेवरून आपण जी जागा काढली, ती त्याची जागा होती. आपल्याला ती वारशानं मिळाली.

तार्कोव्स्कीच्या ‘सोलारिस’ या 1972 च्या सिनेमात हे चित्र अंतराळस्थानकातल्या ग्रंथालयात टांगलेलं दिसतं, आणि कॅमेरा त्यावरून सरकत एकेक तुकडा दाखवतो. सुंदर आहे तो प्रसंग, पण तुकड्यांतून बघितल्यामुळे ब्रूगेलची ती मोठी तिरकी रेषा तुटते. तिथे उरते ती आठवण, घराची ओढ. सिनेमाला तेच हवं होतं. मूळ फळीसमोर मात्र नजर सतत उतरते आणि सतत परत वर येते, आणि हे येणंजाणं थांबत नाही.

म्हणूनच ‘उदास’ हा शब्द मला अपुरा वाटतो. वर थकवा आहे, खाली खेळ आहे, आणि उजेडानं दोघांत भेद केलेला नाही. शिकाऱ्यांना खालचा खेळ दिसत असेल, खेळणाऱ्यांना शिकारी दिसत नाहीयेत, आणि आपल्याला दोन्ही एकदम दिसतं. शिकाऱ्यांच्या जागी असतो तर थकलो असतो, तळ्यावर असतो तर हसलो असतो. उंचावर आहोत म्हणून दोन्ही एकाच वेळी जाणवतं, आणि त्या मिश्र जाणिवेला आपल्याकडे तयार शब्द नसल्यामुळे आपण हाताला लागेल तो शब्द उचलतो.

शेवटी एक जागा दाखवतो, बहुतेकांच्या नजरेतून निसटणारी. दूरच्या घरांच्या रांगेत, मधोमधच्या जरा उजवीकडे, चित्र चांगलं मोठं करून बघा. एका घराच्या धुराड्याला आग लागली आहे. माणसं धावतायत, शिडी लावली आहे. चित्रात दोनच जाळ आहेत. एक जवळचा, डुकरासाठी पेटवलेला, मोठा, कामाचा. दुसरा हा दूरचा, आपत्तीचा, ठिपक्याएवढा. रंग दोघांचा तोच नारिंगी. त्या घरातल्या माणसांच्या दृष्टीनं आज दुसरं काही घडतच नसेल. पण अंतराच्या नियमानं तो जाळ टाचणीच्या डोक्याएवढा झालाय, आणि तळ्यावरच्या कुणाचाही खेळ थांबलेला नाही. ब्रूगेलनं त्यावर काही भाष्य केलेलं नाही. त्यानं फक्त आकार बरोबर ठेवला.

पुढच्या वेळी याच मालिकेतलं पिकाच्या कापणीचं चित्र घेऊ. तोपर्यंत ते उघडून दोन गोष्टी तपासून ठेवा: क्षितिजरेषा कापणी करणाऱ्यांच्या डोक्यांच्या किती वर आहे, आणि झाडाखाली पसरलेल्या माणसाच्या अंगावर ऊन-सावलीचा भेद किती दिसतो. आता प्रश्न असतील तर विचारा.